साठ व्हिडिओ आणि एक ॲम्ब्युलन्स

१७ सप्टेंबर २०२२, शनिवारची रात्र. पंजाबमधल्या मोहालीजवळचं चंडीगड युनिव्हर्सिटीचं कॅम्पस. हजारो मुलंमुली बाहेर येऊन घोषणा देतायत, आणि तोपर्यंत फोनवर दोन गोष्टी सगळीकडे पोचल्यात. एक, हॉस्टेलमधल्या साठ मुलींचे अंघोळीचे व्हिडिओ लीक झाले. दोन, त्यातल्या काही मुलींनी आत्महत्या केली, कुणी म्हणतं प्रयत्न केला, कुणी म्हणतं काही जणी गेल्या.

आता यात खरं किती होतं ते बघू. हॉस्टेलमधल्या एका मुलीवर बाकीच्या मुलींना संशय आला, की ही बाथरूममध्ये व्हिडिओ काढते. तिला विचारपूस झाली, त्या विचारपुशीचाच व्हिडिओ फिरला. मोहालीच्या पोलिसांनी रविवारी सांगितलं की एकच व्हिडिओ सापडलाय, तो त्या मुलीचा स्वतःचा आहे, तिने तो शिमल्यातल्या एका तरुणाला पाठवला होता. आणि आत्महत्येचा एकही प्रयत्न झालेला नाही. एका मुलीला घाबरून त्रास झाला म्हणून ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं, तिची तब्येत ठीक आहे.

म्हणजे ॲम्ब्युलन्स खरी होती, लोकांनी ती डोळ्यांनी बघितली होती. पण आत कोण आहे, काय झालंय हे कुणालाच माहीत नाही, आणि डोक्यात मात्र व्हिडिओ आधीच बसलाय, मग दोन्ही जोडायला कितीसा वेळ लागतो? बेशुद्ध मुलगी, ॲम्ब्युलन्स, व्हिडिओ. झाली आत्महत्या. कुणी मुद्दाम खोटं बोललंच असेल असं नाही, अर्धवट दिसलेल्याला सगळ्यांनी मिळून अर्थ लावला एवढंच.

यावर एक जुनं सूत्र आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन हे दोघे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, दुसऱ्या महायुद्धातल्या अफवांवर त्यांनी काम केलं आणि १९४७ मध्ये ते मांडलं. स्क्रीनवर बघा:

R ~ i × a

R म्हणजे अफवेचा जोर, i म्हणजे ती गोष्ट ऐकणाऱ्याला किती महत्त्वाची आहे, आणि a म्हणजे त्याबद्दलची माहिती किती धूसर आहे. यातली खरी गंमत त्या गुणाकाराच्या चिन्हात आहे. बेरीज असती तर एक गोष्ट कमी असली तरी दुसरीवर भागलं असतं. गुणाकारात दोन्हीपैकी एक शून्य झालं की उत्तर शून्य. परीक्षेची तारीख प्रचंड महत्त्वाची असते, पण वेळापत्रक बोर्डावर लागलेलं असेल तर तिच्याबद्दल कुजबुज होत नाही. आणि परदेशातल्या एखाद्या कंपनीत कोण कुणाला काढतंय हे कितीही धूसर असो, आपल्या मेसमध्ये त्याची चर्चा कोण करणार?

मोहालीत दोन्ही आकडे टोकाला होते. महत्त्व? त्याच बाथरूममध्ये रोज जाणाऱ्या प्रत्येक मुलीला वाटणार, त्यात मी असेन का. आणि माहिती? फोनमध्ये काय आहे, किती जणींचं आहे, कुणाकुणाला गेलं, रात्रीत कुणाकडेच उत्तर नाही.

विद्यापीठाने खुलासा केला, की आत्महत्येच्या बातम्या खोट्या आहेत. खुलासा बरोबरच होता! पण तो देणारं विद्यापीठ तेच, ज्यांच्यावर प्रकरण दाबल्याचा मुलांचा संशय होता, त्यामुळे ‘काही झालं नाही’ हे वाक्य ऐकून धूसरपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच असणार असं मला तरी वाटतं. शिवाय मुलींचा मूळ प्रश्न फोनबद्दलचा होता. त्याचं उत्तर फोन फॉरेन्सिक तपासणीला गेल्याशिवाय मिळणारच नव्हतं, आणि तिथे वेळ लागतो. मग महिला पोलीस अधिकाऱ्यांची एसआयटी नेमली, ती मुलगी आणि हिमाचलमधले दोन तरुण अटकेत गेले, विद्यापीठाने काही दिवस वर्ग बंद ठेवले.

सूत्रालाही मर्यादा आहेत बरं का. हा i मोजायचा कसा, हे कुणाला नीट जमलं नाही. पुढे राल्फ रॉस्नो या संशोधकाने म्हटलं की महत्त्वापेक्षा माणसाच्या पोटातली भीती बघा, घाबरलेला माणूस जास्त पुढे पाठवतो, आणि ऐकलेल्यावर त्याचा थोडाफार विश्वास बसला असेल तर अजूनच. हे मोहालीला जास्त लागू पडतं. कारण तिथे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या कितीतरी मुली बातमी देत नव्हत्याच, त्या विचारत होत्या, ‘अगं हे खरंय का गं?’ आणि पुढच्या ग्रुपमध्ये जाताना शेवटचं ते प्रश्नचिन्ह गळून पडायला काहीच लागत नाही.