शेंगाचटणीच्या घरात रात्रीची झुरळं

(दृश्य: वडगावातली विणकरांची गल्ली, पाऊस. पत्र्यावरून पाणी गळतंय.)

बेळगावचा पाऊस सुरू झाला की घरात ओल धरते आणि झुरळं कोरड्या, उबदार जागा शोधत आत सरकतात. वडगावातल्या या घरात शेंगाचटणी आणि चकल्या बनतात. मुख्य खोलीच्या मागे दहा बाय आठचं स्वयंपाकघर आहे. दिवसा बघाल तर ओटा लख्ख, डबे ओळीत. पण झुरळ दिवसा दिसत नाही. दिसलंच, तर आत बरीच गर्दी झालेली असते.

(दृश्य: अंधार. एकच टॉर्च.)

म्हणून तपासणी रात्री करायची. दिवे मालवून दोनेक तास जाऊ द्यायचे, मग आवाज न करता टॉर्च पाडायची. आधी फ्रिजच्या मागे, मोटरजवळ, कारण तिथे ऊब असते. मग मिक्सरच्या बुडाशी, शेगडीखाली, कपाटाच्या बिजागरीत. इथे बिजागरीजवळ काळ्या मिऱ्याच्या भरड पुडीसारखे ठिपके आहेत. ती विष्ठा. शेजारी पडलेली तपकिरी, बारीक रेघांची कुपी म्हणजे अंड्यांचं रिकामं कवच. स्वयंपाकघरात सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या छोट्या तपकिरी झुरळाच्या एका कुपीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात.

(दृश्य: घरमालकीण वैनी पुठ्ठ्याचा खोका दाखवताना.)

“मोरीतनं येतात म्हणून मी रोज फिनेल ओततोय की,” वैनी म्हणतात. मोरीतून येतं ते बहुधा मोठं, लालसर झुरळ. हे छोटं झुरळ बहुतेक वेळा सामानाबरोबर येतं. रविवार पेठेतून आणलेला तेलाच्या पिशव्यांचा खोका ओट्याखाली आठवडाभर पडून असतो. पुठ्ठ्याच्या घड्यांत त्याला लपायला हवी तेवढीच जागा मिळते. तेव्हा खोका आणि पोतं उंबऱ्याबाहेरच रिकामं करायचं. शेंगदाणे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतायचे आणि पोतं परत आत आणायचं नाही.

आता औषध. घाईत सगळे स्प्रे मारतात. समोरची चार मरतात, बाकीची भिंतीच्या फटीत आणखी आत जातात. शिवाय स्प्रेचा अंश डब्यावर, परातीवर बसतो. जिथे खाद्यपदार्थ बनतात तिथे तो नकोच. त्यापेक्षा झुरळांसाठीचं जेल बरं. वेष्टनावरच्या सूचना वाचून मसुराच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरीत, फ्रिजच्या मागे, फटीच्या तोंडाशी ठेवायचे. पीठ मळतात, चटणी कुटतात त्या जागी अजिबात नाही. आणि जेल लावल्यावर त्या जागी स्प्रे किंवा फिनेल मारायचं नाही, नाहीतर झुरळं त्या ठिपक्याकडे फिरकणार नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा टॉर्च लावायची, कारण कुपीतली अंडी पहिल्या फेरीत वाचतात आणि नंतर फुटतात. ठिपके वाळले असतील तर नवे ठेवायचे.

(दृश्य: रात्री कोरडा पुसलेला सिंक.)

जेल उपयोगी पडावं तर बाकी खाणं-पिणं बंद हवं. हे झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून त्याला तितका काळ तगता येत नाही. सिंकमधलं थेंबभर पाणी, ओलं फडकं, फ्रिजखालची ट्रे, ही त्याची पाणपोई. माझ्या मते रात्री सिंक आणि ओटा कोरडा पुसणं हे जेलइतकंच महत्त्वाचं आहे. ओलं फडकं बाहेर वाळत घालायचं. चटणी कुटताना सांडलेला शेंगदाण्याचा चुरा शेगडीखाली जातो, तो त्याच दिवशी काढायचा. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं आणि तो रात्री घराबाहेर गेला पाहिजे.

(दृश्य: मागचं दार. दाराखाली पेन्सिल आत-बाहेर सरकते.)

उंदरासाठी कसोटी सोपी. दाराखालून पेन्सिल आत गेली तर लहान उंदीरही जाऊ शकतो. इथे गेली. नुसती रबरी पट्टी तो कुरतडतो, म्हणून दाराला खालून पत्र्याची पट्टी लावून घेतली. पाण्याच्या पाइपभोवतीच्या भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट भरलं. विषाचे तुकडे मात्र स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत. विष खाल्लेला उंदीर मरतो कपाटामागे, आणि वास येईपर्यंत कळत नाही. भिंतीला टेकवून सापळा ठेवा, आत दोन भाजलेले शेंगदाणे. उंदीर भिंतीकडेनंच पळतो. डबे जमिनीपासून वीतभर वर फळीवर आणि भिंतीपासून थोडे सुटे ठेवले, तर मागे झाडता येतं आणि लेंड्याही दिसतात.

(दृश्य: दोन घरांमधली सामाईक भिंत.)

या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत. वैनींनी सगळं केलं तरी दोन महिन्यांनी बिजागरीत ठिपके पुन्हा दिसू शकतात, कारण वायरच्या नळीतून शेजारचं झुरळ इकडे येतं. नळीची दोन्ही तोंडं बुजवायची आणि जेल दोन्ही घरांत एकाच दिवशी लावायचं. शेजारच्या अक्का तयार झाल्यात. आधी म्हणाल्या, “आमच्यात कुठं हाय झुरळ?” मग वैनींनी रात्री टॉर्च त्यांच्या हातात दिली.