श्रावणी सोमवार कोणते धरायचे?

नमस्कार श्रोतेहो.

आषाढी पौर्णिमा झाली की मोबाईलवर संदेश यायला सुरुवात होते, 'श्रावणाचा पहिला सोमवार, हर हर महादेव.' टीव्हीवर काशीची गर्दी दिसते, कावडी दिसतात. इकडे आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मात्र अजून आषाढ चालू असतो, दिव्यांची अवसही यायची असते. मग घरात प्रश्न पडतो, उपास आज धरायचा की नाही? विशेषतः ज्यांचं लग्न नुकतंच झालंय आणि शिवामूठ वाहायची आहे, त्यांना हा प्रश्न सोडवावाच लागतो. कारण शिवामुठीला धान्याचा क्रम आहे. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्याला मूग, चौथ्याला जव आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू. सोमवार चुकला की मूठही चुकली.

आधी हा पंधरा दिवसांचा फरक कुठून येतो ते बघू. महिन्याचे दोन पक्ष, शुक्ल आणि कृष्ण. आपण महाराष्ट्रात, गोव्यात, तसंच गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगणात महिना अमावास्येला संपवतो. म्हणजे आधी शुक्ल पक्ष, मधे पौर्णिमा, मग वद्य पक्ष. याला अमान्त महिना म्हणतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, हरियाणा या भागांत महिना पौर्णिमेला संपतो. तिथे आधी कृष्ण पक्ष येतो, नंतर शुक्ल. हा पूर्णिमान्त महिना.

आता नीट लक्षात घ्या. श्रावणाचा शुक्ल पक्ष दोघांचा एकच आहे. नागपंचमी एकाच तिथीची, राखीची पौर्णिमाही एकच. फरक आहे तो फक्त कृष्ण पक्षाच्या नावात. गुरुपौर्णिमेनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्याला आपण आषाढ वद्य म्हणतो, ते श्रावण कृष्ण म्हणतात. राखीनंतरचा पंधरवडा आपला श्रावण वद्य, तर त्यांचा भाद्रपद कृष्ण. म्हणूनच गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावणात आणि मथुरेत भाद्रपदात लिहितात, पण रात्र तीच असते. आकाशातला चंद्र कोणासाठी पंधरा दिवस आधी उगवत नाही.

दोन्ही रीती जुन्या आहेत. महिन्याला नाव मिळतं ते पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून. श्रवण नक्षत्राजवळची पौर्णिमा ती श्रावणी. ती पौर्णिमा महिन्याच्या मधे ठेवायची की शेवटी, एवढाच प्रश्न होता. आपण मधे ठेवली, उत्तरेने शेवटी. मात्र गणिताचा पाया उत्तरेतही अमान्तच राहिला. याचा पुरावा साधा आहे. उत्तरेत विक्रम संवताचं नवं वर्ष चैत्र शुक्ल प्रतिपदेलाच, आपल्या गुढीपाडव्याच्या तिथीलाच लागतं. त्यांच्या हिशोबाने तेव्हा अर्धा चैत्र होऊन गेलेला असतो, तरी वर्ष तिथूनच मोजतात.

आता 2025 सालचा हिशोब करू. गुरुपौर्णिमा 10 जुलैला होती. उत्तरेचा श्रावण 11 जुलैला लागला आणि 9 ऑगस्टला, राखीपौर्णिमेला संपला. त्यांचे सोमवार आले 14, 21 आणि 28 जुलै, आणि 4 ऑगस्ट. आपली दिव्यांची अवस 24 जुलैला, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी, 25 जुलैला शुक्रवारी श्रावण शुक्ल प्रतिपदा. आपला श्रावण 23 ऑगस्टपर्यंत. म्हणून आपले सोमवार 28 जुलै, 4, 11 आणि 18 ऑगस्ट. दोघांचे सामायिक सोमवार दोनच. आपल्या रीतीच्या घरात कोणी मोबाईलवरच्या संदेशावरून 14 जुलैला तांदळाची मूठ वाहिली असेल, तर ती आषाढात वाहिली गेली. आणि 4 ऑगस्टला चारही मुठी झाल्या असं समजून थांबलं असेल, तर श्रावणाचे दोन सोमवार तसेच राहून गेले.

उज्जैनला याची एक सुंदर वाट काढलेली आहे. महाकालाची सवारी तिथे दर सोमवारी निघते, ती उत्तरेच्या श्रावणापासून सुरू होते आणि भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे आपला श्रावण संपेपर्यंत चालते. 2025 साली सहा सवाऱ्या निघाल्या, पहिली 14 जुलैला आणि शेवटची 18 ऑगस्टला. उज्जैनवर शिंद्यांची सत्ता होती, आणि ही मराठ्यांच्या वेळची प्रथा असं तिथे सांगतात.

मोजण्याची रीत आता अगदी थोडक्यात सांगते. दिनदर्शिकेत श्रावण शुक्ल प्रतिपदा शोधा. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारा पहिला सोमवार हा तुमचा पहिला. तिथून श्रावण अमावास्येपर्यंत जेवढे सोमवार, तेवढे धरायचे. तिथी सूर्योदयाची बघायची. सोमवारी पहाटे अमावास्या संपून उजाडताना प्रतिपदा असेल, तर तो सोमवार श्रावणाचा. उजाडताना अजून आषाढाची अमावास्या असेल, तर तो आषाढात गेला, मग दुपारी प्रतिपदा लागली तरी.

पाचवा सोमवार कधी येतो? चांद्र महिना 29 किंवा 30 दिवसांचा असतो, म्हणजे चार आठवडे आणि वर एक-दोन दिवस. त्यामुळे महिना सोमवारीच सुरू झाला तर पाच सोमवार नक्की. रविवारी सुरू झाला आणि 30 दिवसांचा असला तरीही पाच. बाकी कोणत्याही वारी सुरू झाला की चारच. 2024 साली 5 ऑगस्टला, सोमवारी, श्रावण लागला. सोमवार आले 5, 12, 19, 26 ऑगस्ट आणि 2 सप्टेंबर. या शेवटच्या सोमवारी अमावास्या होती, पिठोरी. अमावास्येला शिवामूठ कशी वाहायची, अशी शंका त्या वर्षी बऱ्याच जणींना आली. पण अमावास्या ही आपल्या श्रावणाचीच शेवटची तिथी. तो पाचवा सोमवार होता आणि सातूची मूठ त्या दिवशीचीच.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अधिक श्रावण येतो तेव्हा. 2023 साली अधिक श्रावण 18 जुलै ते 16 ऑगस्ट होता. आपल्याकडे सोपं गेलं. अधिक महिना सरला, 17 ऑगस्टला निज श्रावण लागला, आणि सोमवार धरले 21 व 28 ऑगस्ट, 4 व 11 सप्टेंबर. उत्तरेत मात्र अधिक महिना त्यांच्या श्रावणाच्या बरोबर मधे येऊन बसला. आधी श्रावण कृष्ण, मग पूर्ण अधिक महिना, मग श्रावण शुक्ल. 4 जुलै ते 31 ऑगस्ट असा लांबलचक श्रावण झाला आणि त्यात आठ सोमवार आले. त्यांतले चार, 24 आणि 31 जुलै, 7 आणि 14 ऑगस्ट, अधिकातले होते.

आता ज्यांचं माहेर इंदूर-ग्वाल्हेरचं आणि सासर पुण्याचं, किंवा सासर लखनौचं आणि माहेर साताऱ्याचं, त्यांनी काय करावं? ज्या घरात मूठ वाहायची, त्या घरची रीत धरावी, असं माझं मत. दोन्ही रीतींचे सगळे सोमवार उपास करायचे असतील तर खुशाल करा, शंकराची ना नाही. पण धान्याचा क्रम एकाच श्रावणाने लावा, नाहीतर तांदळाच्या दिवशी मूग वाहिले जातील.

नमस्कार.