क्षितिजापासून सुरुवात

श्रोतेहो, नमस्कार. फोनच्या गॅलरीतच छायाचित्र कसे दुरुस्त करावे, हे आज मी एकाच छायाचित्राच्या आधारे सांगणार आहे. माझ्या आत्याची पंचाहत्तरी झाली, त्या वेळी हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मी तिचे एक छायाचित्र काढले. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग आणि त्याच्या बाजूला मावळतीचा सूर्य आहे. ते ८ बाय १० इंचांत छापून घरात लावायचे होते, परंतु समुद्र डावीकडे कलला होता, आत्याचा चेहरा काळवंडला होता आणि वाळूवर एक निळा प्लॅस्टिकचा कॅन पडलेला होता.

पहिले काम क्षितिज सरळ करण्याचे. संपादनात क्रॉप उघडले की खाली अंशांची पट्टी येते. ती सरकवताना चित्रावर आडव्याउभ्या रेषा उमटतात आणि त्यांतल्या एका आडव्या रेषेला समुद्र आणि आकाश मिळतात ती रेषा समांतर आणायची असते. येथे एक चूक वारंवार होते. आपण वाळूला लागलेली पाण्याची कड सरळ करायला जातो, पण किनारा दूर जाताना तिरकाच दिसणार, ती रेषा प्रमाण मानायची नाही. धुक्यामुळे क्षितिज दिसत नसेल तर चित्राच्या मध्याजवळचा एखादा विजेचा खांब किंवा घराचा कोपरा पाहावा. माडांवर मात्र विसंबू नये, कारण आपल्याकडचे कित्येक माड मुळातच समुद्राकडे झुकलेले असतात; पाण्यावर डुलणाऱ्या होडीची डोलकाठीही तशीच फसवी.

माझे चित्र ३ अंशांनी फिरवावे लागले. चित्र फिरवले की कोपरे रिकामे पडतात, म्हणून ॲप चारी बाजूंनी कड कापते. ४००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र ३ अंश फिरवून त्याच प्रमाणात ठेवले, तर साधारण ३७४० बाय २८०० पिक्सेल उरतात, म्हणजे जवळजवळ आठवा भाग जातो. म्हणूनच आधी सरळ करावे आणि मग कापावे. उलट केले तर बेताने राखलेली पावले किंवा डोक्यावरची मोकळी जागा फिरवताना निघून जाते. आडव्या ८ बाय १० साठी क्रॉपचे प्रमाण ५:४ निवडले. उत्तम छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरले, तर ३००० बाय २४०० पिक्सेल पुरतात, तेव्हा उजवीकडची दुचाकी कापूनही चित्र छपाईला पुरले.

आता प्रकाश. चेहरा काळा दिसला की हात ब्राइटनेसकडे जातो. पण त्याने आकाशही उजळते आणि मावळतीचा रंग पांढरा पडतो. म्हणून मी फक्त काळोखा भाग उजळणारी शॅडोजची पट्टी वाढवली, आणि उजळ भागापुरते काम करणारे हायलाइट्स थोडे कमी करून ढगांचा केशरी रंग परत आणला. सूर्याभोवतीचे पांढरे वर्तुळ मात्र पांढरेच राहिले, कारण तेथे कॅमेऱ्याने काही टिपलेच नव्हते; हायलाइट्स आणखी उतरवले की तेथे नुसती राखाडी छटा येते. शॅडोज अती झाल्याची खूण केसांत आणि हनुवटीखाली दिसते: चित्र मोठे करून पाहिले तर तेथे रंगीत दाणे उठलेले असतात. तसे दिसताच मी पट्टी निम्म्याने मागे आणली. आत्याचा चेहरा सावलीतच राहिला, पण तिचे हसू दिसू लागले.

नको ती वस्तू पुसणे मी शेवटी ठेवतो. कापण्यात जे गेले ते पुसावे लागत नाही, आणि प्रकाश नंतर वाढवला तर पुसलेल्या जागेचे ठिगळ उघडे पडते. हे साधन गूगल फोटोजमध्ये मॅजिक इरेझर, तर सॅमसंगच्या गॅलरीत ऑब्जेक्ट इरेझर या नावाने असते. ते पुसलेली जागा भोवतालाच्या अंदाजाने भरून काढते. म्हणून मोकळ्या वाळूवरचा निळा कॅन एका फटक्यात गेला. मागून जाणारा एक माणूसही गेला, पण त्याची लांब सावली आणि ओल्या वाळूतले त्याचे प्रतिबिंब तसेच राहिले, आणि माणूस नसताना त्याची सावली पाहून घरातली लहान मुलगी दचकली. चित्र मोठे करून, बोटाने बारीक वेढा घालून, सावली आणि प्रतिबिंब वेगवेगळी पुसावी लागली.

आत्याच्या कोपरामागून होडीचा एक दोर गेला होता. तो पुसताना साडीचा काठच विरघळला आणि कोपर वाकडे झाले. जाळी, कौले, जांभ्याची भिंत किंवा माणसाच्या अंगाला लागून असलेली वस्तू, येथे हे साधन असेच चुकते. मी ते पाऊल मागे घेतले आणि दोर राहू दिला; बंदरावर दोर असायचाच. वादळात पडझड झालेल्या घराचे छायाचित्र पंचनाम्यासाठी द्यायचे असेल, तर त्यातले मात्र काहीही पुसू नये, मूळ चित्रच द्यावे.

मूळ चित्र हाताशी राहावे म्हणून मी शेवटी Save copy निवडले. छपाईला दिले ते नव्या प्रतीवरून. कलते क्षितिज, निळा कॅन आणि वाटसरू असलेले पहिले चित्र अजून फोनमध्ये आहे.