सात आठे छप्पन्न : ठेका, यमक आणि पहिले अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातील शाळेत मी बरीच वर्षे तिसरीचा वर्ग शिकवला. त्या वर्गात बेचा पाढा मुले गात असत आणि सातच्या पाढ्यात मात्र अडखळत असत. हे असे का होते, याचा शोध घेता घेता मी सातच्या पाढ्यासाठी काही ओळी लिहिल्या. त्या ओळी कशा घडल्या, पहिल्या वेळी त्यांत काय चुकले आणि ते कसे दुरुस्त केले, हे आज आपल्याला सांगणार आहे.

प्रथम बेचा पाढाच कान देऊन ऐकू या. ‘बे एके बे’, ‘बे दुणे चार’, ‘बे चोक आठ’, ‘बे सक बारा’. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराच्या दोन आणि जोडाक्षराआधीचे अक्षर आघाताने उच्चारले जात असल्यामुळे त्याच्याही दोन, या आपल्या छंदांच्या नेहमीच्या हिशेबाने मोजले, तर या चारही ओळी नेमक्या आठ मात्रांच्या भरतात. म्हणजे हाताच्या चार थापांत एक ओळ पुरी होते. बाकीच्या ओळी एखाददुसऱ्या मात्रेने कमीजास्त आहेत, पण मूल तेवढे ताणून किंवा घाईने उच्चारून सांभाळून घेते. शिवाय ‘बे दुणे बरोबर चार’ असे आपण म्हणत नाही. क्रियापद नाही, ‘बरोबर’ नाही. वाटेतला प्रत्येक अडथळा कोणीतरी फार पूर्वीच काढून टाकलेला आहे.

आता सातचा पाढा घ्या. ‘सात एके सात’ ही ओळ दहा मात्रांची आहे आणि ‘सात चोक अठ्ठावीस’ तेरा मात्रांची. आणि ‘सात साते एकोणपन्नास’ ही ओळ तर सतरा मात्रांची होते! दहा मात्रांच्या चालीत सुरू झालेल्या पाढ्यात सतरा मात्रांची ओळ कशी मावणार? माझ्या वर्गात सगळा आवाज याच ओळीवर फुटायचा. पुढे बसलेली चार-पाच मुले ती ओढून नेत आणि मागची मुले नुसते ओठ हलवून ‘सात दाहे सत्तर’ला पुन्हा जोरात सामील होत. मला आधी वाटले, की मुले गुणाकाराला घाबरतात. प्रत्यक्षात ती ठेक्यातून बाहेर फेकली जात होती.

म्हणून मी ठेकाच दुप्पट केला. प्रश्नाला चार थापा आणि उत्तरालाही चार थापा. ‘सात, सा, ते’ या तीन थापांवर आणि चौथी थाप रिकामी. त्यानंतर ‘ए, कोण, पन्, नास’ अशा चार थापा. बोलताना ‘ण’ आणि ‘स’ यांतला ‘अ’ आपण गिळतो, त्यामुळे ही लांबलचक संख्या चार थापांत अगदी बरोबर बसते. ‘छप्पन्न’ला दोनच थापा लागतात, मग उरलेल्या दोन रिकाम्या सोडायच्या. ती रिकामी जागा फार मोलाची असते, कारण मागे पडलेले मूल तिथे येऊन गाठते. या विभागणीमुळे वर्गाचेही आपोआप दोन भाग झाले. खिडकीकडच्या मुलांनी विचारायचे आणि दाराकडच्या मुलांनी सांगायचे.

त्यानंतर प्रत्येक अवघड ओळीच्या आधी मी एक यमकाची ओळ जोडली. यमक हे उत्तराचे कुलूप ठरावे, म्हणजे चुकीची संख्या तोंडात आली तर ती कानालाच खटकावी, असा माझा विचार होता. सात आठेसाठी मी लिहिले होते :

रंकाळ्यावर मन प्रसन्न,
सात आठे छप्पन्न!

मुलांना रंकाळा ठाऊक होता, ओळ त्यांना आवडली आणि एका दुपारीच पाठ झाली. दुसऱ्या दिवशी एका मुलीने मोठ्या उत्साहाने म्हटले, ‘रंकाळ्यावर मन प्रसन्न, सात आठे चोपन्न!’ वर्गात कोणालाही काही खटकले नाही. खटकणार तरी कसे? यमक तर जुळलेच होते.

मराठी संख्यानामांची घडणच अशी आहे, की एकक आधी येतो आणि दशक शेवटी. चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न या सगळ्यांचे शेपूट जवळजवळ एकच आहे. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट यांचेही तसेच. म्हणून यमक फक्त दशकाची राखण करते, एकक मात्र मोकळा सुटतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा धाटणीचे संख्यावाचन आले आणि त्यावर महाराष्ट्रात बराच वाद झाला, हे आपल्याला आठवत असेल. त्या वाचनात एकक शेवटी येतो, त्यामुळे यमक त्याला धरून ठेवील. तरीही पाढे म्हणताना मला छप्पन्नच हवा, कारण ‘पन्नास सहा’ दोन थापांत बसत नाही.

एकक शब्दाच्या सुरुवातीला असेल, तर त्याची राखणही सुरुवातीलाच करायला हवी. म्हणून मी रंकाळा सोडला आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातली रोजची वस्तू घेतली :

छत्रीखाली मन प्रसन्न,
सात आठे छप्पन्न!

छत्रीचा ‘छ’ सहाला धरतो आणि ‘प्रसन्न’ पन्नासला. आता ‘चोपन्न’ म्हणून पाहा, ‘छ’ ऐकलेला कान ते लगेच नाकारतो. याच रीतीने सात साते आणि सात नव्वे यांच्याही ओळी झाल्या :

एक ढेप अन् गुळाचा वास,
सात साते एकोणपन्नास!

त्रास कशाचा, कसले कष्ट,
सात नव्वे त्रेसष्ट!

पहिल्या जोडीतला ‘एक’ मी मुद्दाम सुरुवातीला ठेवला आहे. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा, हे मुलांना त्या एका ढेपेवरून सांगता येते. पन्नास ढेपा रचायच्या होत्या आणि एक कमी पडली, एवढे सांगितले की पुरते. सगळ्या दहा ओळींना अशी जोड देण्याची गरज नाही. दुणे, पाचे आणि दाहे मुलांना तशीही येतात. त्यांच्यावर उगाच कविता लादली, तर अवघड ओळींचे वेगळेपण पुसले जाते.

म्हणण्याच्या पद्धतीचा एक खरा तोटा आहे आणि पालकांनी तो ओळखायला हवा. पाढा ही साखळी आहे. ‘सात आठे किती?’ असे अचानक विचारले, की मूल ओठांतल्या ओठांत ‘सात एके’पासून निघते आणि बोटे उघडत आठव्या कडीपाशी पोहोचते. उत्तर बरोबर येते, पण वेळ किती लागतो ते पाहा. सात त्रिकाला थोडा आणि सात नव्वेला बराच वेळ लागत असेल, तर मुलाला चाल पाठ आहे, पण एकेक गुणाकार सुटा आलेला नाही, असे समजावे. अशा वेळी जोड्या क्रम मोडून विचाराव्यात. तुम्ही फक्त ‘त्रास कशाचा, कसले कष्ट’ म्हणा आणि चार थापा वाजवा, पुढची ओळ मुलाला म्हणू द्या. मग छत्री, मग ढेप, मग पुन्हा छत्री. क्रम ठरलेला नसला, की साखळी धरून चालत जाण्याची सोयच उरत नाही.

साधारण दोन आठवड्यांनी पहिली ओळ मोठ्याने म्हणणे बंद करावे आणि नुसते ‘सात आठे’ विचारून थापा वाजवाव्यात. मघाशी सांगितलेली ती मुलगी या टप्प्यावर ‘छत्री’ एवढेच पुटपुटायची आणि मग ‘छप्पन्न’ म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला पुन्हा विचारले, तेव्हा तिचे ओठ हलले नाहीत. पहिल्याच थापेवर ‘छप्पन्न’ म्हणून ती पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली.