तीनशे वीसचा मुक्काम

मंडळी, परदेशात राहणाऱ्या नातलगांकडून आपल्याकडे ज्या पाककृती येतात, त्यांतील ओव्हनच्या तापमानाचे आपल्या अंशांत रूपांतर कसे करावे, हा आजचा विषय. गेली अनेक वर्षे मी घरी बेकिंगचे वर्ग घेते आणि बिघडलेल्या केकविषयी विचारायला येणाऱ्यांशी बोलताना बरेचदा असे दिसते की मैदा चांगला होता, अंडी ताजी होती, चूक झाली ती हिशेबात.

शाळेत आपण सगळेच शिकलो: फॅरनहाइटमधून ३२ वजा करायचे, पाचाने गुणायचे आणि नवाने भागायचे. ३५० अंशांतून ३२ गेले, ३१८ उरले. पाचपट १५९०, भागिले नऊ म्हणजे सुमारे १७७. हिशेब अचूक आहे; पण एका हाताला पीठ लागलेले असताना तो मनात होत नाही. म्हणून मी शिकवते ती रीत वेगळी आहे. फॅरनहाइटचा आकडा निम्मा करा. ३२० फॅरनहाइट म्हणजे बरोबर १६० सेल्सिअस; तिथे निम्मे केले की उत्तर तंतोतंत येते. त्याच्या वर गेलात, तर दर १८ अंशांमागे निम्म्यात एक अंश मिळवा. खाली आलात, तर दर १८ अंशांमागे एक वजा करा. ३५०चे निम्मे १७५. ३५० हे ३२०च्या ३० अंश वर, म्हणजे दीड-पावणेदोन अंश मिळवायचे, झाले १७७. पावासाठी ४२५ सांगितले असेल, तर निम्मे दोनशे साडेबारा, ३२०च्या वर १०५ अंश, म्हणजे जवळजवळ सहा मिळवायचे, उत्तर २१८. ही युक्ती अंदाजाची नाही. शाळेतले सूत्रच ३२०पासून मोजायला घेतले की हे मिळते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम बोलायला आले, ती सांगते. माझ्या वर्गातील एका बाईंना न्यू जर्सीहून त्यांच्या भाचीने बनाना ब्रेडची कृती पाठवली. ३५० अंश, एक तास. आणि खाली एक ओळ होती की भांडे काचेचे असेल तर तापमान २५ अंशांनी कमी ठेवावे. अमेरिकन कृतींत ही सूचना बरेचदा असते, कारण काच हळू तापते, पण एकदा तापली की उष्णता धरून ठेवते आणि मधला भाग शिजेपर्यंत कडा करपतात. बाईंचे भांडे काचेचेच होते. त्यांनी ३५०चे १७७ बरोबर केले. मग फोनमधल्या रूपांतरकात २५ घातले, तर उत्तर आले उणे चार. ओव्हनच्या हिशेबात उणे चार कुठून आले, हे त्यांना उमगेना, म्हणून तो आकडा चुकीचा समजून त्यांनी १७७मधून सरळ २५ वजा केले आणि ओव्हन १५२वर लावला. तासाभराने त्यांनी सुरी घातली, तर ती चिकट होऊन बाहेर आली. आणखी पंचवीस मिनिटे ठेवल्यावर ब्रेड शिजला खरा, पण वरचा पापुद्रा सुकून कडक झाला होता आणि तळाशी बोटभर जाडीचा ओलसर, दाट थर राहिला होता. त्यांनी तो तुकडा मला दाखवायला डब्यातून आणला होता. तो थर दाबला की बोटाचा ठसा तसाच राहत होता.

चूक कुठे झाली, हे आपल्या पंचांगावरून चटकन कळेल. इसवी सनावरून शालिवाहन शक काढताना आपण साधारण ७८ वजा करतो. पण ‘दहा वर्षांनी’ असे कोणी म्हटले, तर त्या दहातून आपण ७८ वजा करत नाही. कारण सन हा मुक्काम आहे आणि दहा वर्षे हे अंतर आहे. फॅरनहाइटचे ३२ असेच मुक्कामाला लागतात, अंतराला लागत नाहीत. रूपांतरकाला हा भेद कळत नाही. त्याने २५ला मुक्काम मानले आणि गोठणबिंदूच्या खालचे तापमान सांगितले. इथे एक भर मात्र घालावी लागते. वर्ष दोन्हीकडे एकाच लांबीचे असते, अंश तसे नसतात. फॅरनहाइटचा अंश लहान असतो, त्याचे नऊ म्हणजे आपले पाच. म्हणून २५ अंशांचे अंतर आपल्या मापात चौदाचे होते. बाईंनी ओव्हन १७७ वजा १४, म्हणजे १६३वर ठेवायला हवा होता. ताळा पाहायचा असेल तर ३५०मधून आधी २५ वजा करा आणि ३२५चे रूपांतर करा, १६३च येईल. माझा आग्रह असा की वजाबाकी नेहमी फॅरनहाइटमध्येच आटोपून घ्यावी आणि शेवटी एकदाच रूपांतर करावे, म्हणजे ही गफलत होणारच नाही.

आपल्याकडच्या वह्यांविषयी माझी तक्रारही आहे. कृती उतरवून घेताना ‘फॅरनहाइट’ हा शब्द गळतो आणि नुसते ‘३५० अंश’ उरते. आपल्या बहुतेक ओटीजींचा नॉब २५०पर्यंतच जातो, म्हणून लिहिणारी व्यक्ती भेटत नसली तरी एवढे ओळखता येते की २५०च्या वरचा आकडा फॅरनहाइटचा आहे. पण २२५ लिहिले असेल तर? तो मेरिंगसाठी फॅरनहाइट, म्हणजे १०७ असू शकतो आणि पिझ्झासाठी सेल्सिअस. तिथे पदार्थ पाहूनच ठरवावे लागते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे आणि मी आश्वासन दिलेला भाग, म्हणजे आपल्या ओव्हनचे तापमान खरेच तेवढे असते का, तसाच राहिला आहे. तो थोडक्यात सांगते. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी नव्हे. आणखी दहा मिनिटे थांबा. पंखा चालू असेल, तर अमेरिकन कृतीत २५ फॅरनहाइट कमी करतात, ब्रिटिश कृतीत २० सेल्सिअस. आधी कृती कोठली ते पाहा. १७७ की १८०, यावर डोके शिणवू नका, कारण थर्मोस्टॅट चालू-बंद होताना त्याहून मोठा चढउतार होतो. वरची बाजू फुगून तडकली आणि मध्ये कच्चे राहिले, तर ओव्हन जास्त गरम आहे.

एक शेवटचे. बनाना ब्रेड झाला की नाही, हे सुईच्या थर्मामीटरने पाहताना कृतीत २०० फॅरनहाइट लिहिलेले असते. नुसते निम्मे केले तर १०० येते आणि तुम्ही वाट पाहत बसाल, कारण आत पाणी असेतो ब्रेडचा मधला भाग शंभराला पोहोचत नाही. ३२०च्या खाली १२० अंश, म्हणून सुमारे सात वजा. ९३ला ब्रेड बाहेर काढायचा. ओव्हनमध्ये टांगायचे थर्मामीटर मी टेबलावर ठेवले आहे. त्याच्यावर दोन्ही मापांची वर्तुळे आहेत. जाताना ३२०च्या समोर कोणता आकडा आहे, तेवढा पाहून जा.