पाळी जाण्याच्या वयात आखडणारा खांदा

नमस्कार, श्रोतेहो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत अनेक बायकांचं अंग दुखायला लागतं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, जिना उतरताना गुडघे बोलतात, पोटऱ्या आणि मान ताठ होते. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, तर बहुतेक वेळा सगळं नॉर्मल येतं. या सगळ्यातून आज मी फक्त खांद्याबद्दल बोलणार आहे, म्हणजे फ्रोझन शोल्डरबद्दल. कारण हे दुखणं कुठल्या टप्प्यावर आहे ते वेळेत ओळखलं, तर खूप त्रास वाचतो. आणि चुकीच्या टप्प्यावर चुकीचा उपचार झाला, तर तेच दुखणं भडकतं.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. वय 48, फोंड्याकडच्या, शाळेत शिकवतात. पाळी दोन-तीन महिन्यांनी एकदा यायची, रात्री घाम फुटून झोपमोड व्हायची. मे महिन्यात डावा खांदा दुखायला लागला. पडल्या नव्हत्या, काही जड उचललं नव्हतं. आधी त्या कुशीवर झोपता येईना. जुलैपर्यंत पाठीमागे हात नेऊन हूक लावता येईना, केसांत अबोलीचा वळेसर माळायलाही मुलीला हाक मारावी लागे. चतुर्थीला माटोळीची फळं बांधायला हात वर केला आणि अशी कळ गेली की त्या खालीच बसल्या. घरच्यांनी ठरवून टाकलं, माटोळी बांधताना खांदा लचकला. मग कुणी तरी एका मालिशवाल्याकडे नेलं, त्याने हात धरून जोरात वर ओढला. त्यानंतर कितीतरी रात्री त्या बसून काढत होत्या.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवायला सांगितलं, आणि मनगट धरून हात हलकेच बाहेरच्या बाजूला फिरवला. उजवा हात 60 अंशांपर्यंत सहज गेला. डावा 10 अंशांवरच अडला. त्या स्वतः जोर लावत होत्या तेव्हाही तिथेच, आणि त्यांनी हात अगदी सैल सोडून मी फिरवला तेव्हाही तिथेच.

ही खूण नीट लक्षात घ्या, कारण निदान इथेच होतं. खांद्याचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, फाटलेला असेल तर बाईला स्वतःचा हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बराच वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने फिरवला तरी हात अडतो. आणि वर नेण्यापेक्षाही बाहेर फिरवणं आधी आणि जास्त अडतं. मानेतून येणारं दुखणं असेल तर मान वळवल्यावर ते वाढतं, बऱ्याचदा हातात मुंग्या येतात, आणि खांदा मात्र मोकळा फिरतो. घरी कुणाला हे करून बघायचं असेल तर हळू करा. कुठे अडतं एवढंच पाहायचं, पुढे ढकलायचं नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे खांद्यात काही नाही, असं समजू नका. एक्स-रेत हाड दिसतं, आणि हा आजार हाडाचा नाही.

मग कशाचा? खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. बाराबंदीच्या काखेत जसा घोळ ठेवलेला असतो, तसा या पिशवीला खालच्या बाजूला घोळ असतो. हात वर जातो तेव्हा तो उलगडतो. फ्रोझन शोल्डरमध्ये या पिशवीला आधी सूज येते, मग ती जाड होते, आक्रसते, आणि घोळ नाहीसा होतो. म्हणून पहिले काही महिने दुखणं जास्त आणि आखडणं कमी. नंतर दुखणं उतरतं आणि आखडणं राहतं. त्यानंतर हात हळूहळू सुटायला लागतो. हा सगळा प्रवास एक ते तीन वर्षांचा असतो.

आता, हे याच वयात का? हा आजार साधारण चाळीस ते साठ या वयात होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. आपल्याकडे पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन एका रेषेत उतरत नाही. एका महिन्यात भरपूर, पुढच्या महिन्यात तळाला, अशी त्याची चढ-उतार चालते, आणि मग ते कायमचं कमी होतं. इस्ट्रोजेनचं काम फक्त गर्भाशयात आहे असं आपण धरून चालतो. पण कूर्चा, स्नायू, कंडरा, सांध्याचं अस्तर, या सगळ्यांतल्या पेशींवर त्याला ओळखणारी केंद्रं आहेत. तिथे ते सूज आटोक्यात ठेवतं, आणि कोलॅजन, म्हणजे या ऊतींचा मूळ धागा, नव्याने घडत राहायला मदत करतं. ते कमी झालं की सूज वाढवणारी रसायनं मोकळी सुटतात, कंडरा कमी लवचीक होतो, व्यायामानंतर स्नायू सावरायला वेळ लागतो. सकाळची ताठरता बऱ्याच अंशी याचीच.

हा नुसता तर्क नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर काही बायकांना इस्ट्रोजेन तयार होणंच थांबवणाऱ्या गोळ्या देतात. त्यातल्या पुष्कळ जणींचे सांधे त्या गोळ्यांनी दुखायला लागतात, सकाळी हात आखडतात. इस्ट्रोजेन काढून घेतलं की सांध्यांचं काय होतं, ते इथे उघड दिसतं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सक डॉ. व्होंडा राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या दुखण्यांना एकत्र नाव द्यावं असा लेख लिहिला. मला ते फार मोलाचं वाटतं. कारण ‘वयाचं आहे, सवय करा’ हे उत्तर ऐकून परत गेलेल्या बायका मी रोज पाहते.

पण एक मर्यादाही सांगायला हवी. सांधेदुखी आणि इस्ट्रोजेन यांचा संबंध भक्कम आहे, फ्रोझन शोल्डर आणि इस्ट्रोजेन यांचा संबंध अजून तितका सिद्ध नाही. पाळी जाण्याच्या त्रासावर हार्मोनची औषधं घेणाऱ्या बायकांत हा आजार कमी दिसतो का, हे अमेरिकेत तपासलं गेलं. कमी दिसला, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल, इतकाच होता. त्यामुळे नुसत्या खांद्यासाठी हार्मोन सुरू करा, असं मी कुणाला सांगत नाही. रात्रीचा घाम, झोपमोड, अंगातून वाफा निघणं, हे जोडीला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. सांध्यांना त्याचा थोडा उपयोग होऊ शकतो. मात्र स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर ते आधीच सांगायला हवं.

त्याआधी दोन तपासण्या मात्र हव्यातच, थायरॉइडची आणि साखरेची. मधुमेहात फ्रोझन शोल्डर कितीतरी जास्त होतो आणि चिवट असतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, 26.4 टक्के. या बाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 6.9 आली. मधुमेह होता आणि त्यांना ठाऊकच नव्हता. खांद्याच्या निमित्ताने तो सापडला.

त्या आल्या तेव्हा रात्रीचं दुखणं अजून जोरात होतं. अशा वेळी हात ओढून मोकळा करायचा नसतो. सुजलेली पिशवी ओढली की आणखी चिडते. मी त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी सांध्याच्या आत स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. बायका या इंजेक्शनला घाबरतात. पण दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात त्याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा नंतर होत नाही. मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर चढते, म्हणून त्यांना रोज साखर बघायला सांगितलं होतं. दोन आठवड्यांत त्यांना सलग झोप लागायला लागली.

मग व्यायाम. सुरुवातीला फक्त दोन. टेबलावर उजव्या हाताचा आधार घेऊन वाकायचं, डावा हात खाली सैल सोडायचा आणि त्याला लहान लहान गोल झोके द्यायचे. दुसरा, उताणं झोपून कोपर अंगाला टेकवायचं, दोन्ही हातांत काठी धरायची आणि उजव्या हाताने ती काठी ढकलून डावा हात बाहेर फिरवायचा. त्याआधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी. एका वेळी पाच-सात मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. किती ताणायचं, याचं माप असं: व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात उतरलं पाहिजे आणि त्या रात्रीची झोप मोडता कामा नये. मोडली, तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. हात गळ्यात बांधून ठेवणंही तितकंच वाईट, त्याने आखडणं वाढतं. भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम पुष्कळ जणी पहिल्या दिवसापासून करतात. तो मी दुखणं उतरल्यावरच देते.

डिसेंबरमध्ये त्यांचा डावा हात 25 अंश बाहेर फिरत होता, पुढच्या मे महिन्यात 45. हूक लावणं सगळ्यात शेवटी जमलं. पाठीमागे जाणारी हालचाल उशिराच परतते, त्यावरून निराश होऊ नका. इतकं करूनही हात सुटत नसेल, तर भूल देऊन हात मोकळा करतात किंवा दुर्बिणीतून पिशवी सोडवतात. ब्रिटनमध्ये 2020 साली या दोन्ही उपायांची इंजेक्शन आणि फिजिओथेरपीशी तुलना झाली. वर्षभरानंतर तिघांत ठळक फरक उरला नव्हता. म्हणून शस्त्रक्रियेची घाई करण्याचं कारण नसतं.

काही दुखणी मात्र यात मोडत नाहीत. दोन्ही हातांची बोटं सुजलेली असतील आणि सकाळची ताठरता तासाभराहून जास्त टिकत असेल, तर संधिवाताची तपासणी करून घ्या. पाळीच्या बदलातली ताठरता सहसा थोडं हिंडल्या-फिरल्यावर कमी होते. ताप असेल, वजन घटत असेल, तर थांबू नका. आणि डाव्या खांद्याचं दुखणं हात हलवल्यावर नाही, तर चढ चढताना येत असेल, सोबत धाप लागत असेल किंवा थंड घाम फुटत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. त्या वेळी खांदा तपासत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.

नमस्कार.