परिविक्षेची मुदत: वाढवावी की संपवावी?

परिविक्षा म्हणजे नोकरीत कायम करण्यापूर्वी माणसाचे काम पारखण्याचा काळ. या विषयातला सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे ज्याचे काम धड चांगलेही नाही आणि धड वाईटही नाही, अशा माणसाचा. पूर्ण नापास असलेल्याबद्दल कोणाला प्रश्न पडत नाही. प्रश्न पडतो तो मधल्या माणसाबद्दल, आणि तेव्हा वरिष्ठांच्या तोंडून हमखास येणारे वाक्य म्हणजे, ‘बघू, तीन महिने वाढवून टाकू.’ माझा आक्षेप या वाक्यावर आहे.

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळत होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. गुणवत्ता तपासणीसाठी एक तरुण 1 एप्रिलला रुजू झाला. नियुक्तिपत्रात परिविक्षा सहा महिन्यांची, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंतची होती, आणि फार तर तीन महिन्यांची वाढ मिळू शकेल असे लिहिले होते. पाच महिन्यांत त्याच्या हातून एकही सदोष भाग पुढे गेला नव्हता. मात्र पाळी संपताना द्यायचा तपासणी अहवाल तो बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी देई, आणि त्यामुळे माल अडकून पडे. त्याच्या विभागप्रमुखांनी नेहमीप्रमाणे तीन महिने वाढवायला सांगितले. मी त्यांना विचारले, ‘तीन महिन्यांनी आपल्याला असे काय दिसेल, जे आज दिसत नाही?’ त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून मी लाइनवर जाऊन पाहिले. अहवाल ज्या संगणकावर भरायचा, तो दोन विभागांत मिळून एकच होता आणि पाळी संपतानाच त्याच्यापुढे गर्दी होत असे. शिवाय नोंदीचा फॉर्म कसा भरायचा हे त्या मुलाला कोणी नीट दाखवलेच नव्हते. उणीव खरी होती, पण तिच्यातला मोठा वाटा आमचा होता. कर्मचाऱ्याला एखादी गोष्ट जमत नाही, ती शिकवलेली नाही, की ती करायची त्याची इच्छाच नाही, या तिन्ही शक्यता बाहेरून सारख्याच दिसतात. मुदतवाढ यांपैकी फक्त दुसरीसाठी, आणि कधीकधी पहिलीसाठी, उपयोगाची असते.

एवढे शोधून मुदतवाढ द्यायचे ठरवले, आणि तिचे पत्र सहीसाठी एका मेजावर पडून राहिले. 30 सप्टेंबर उलटला. 9 ऑक्टोबरला सही होऊन आलेल्या पत्रावर तारीख मात्र 29 सप्टेंबरची होती. त्या मुलाने मागच्या तारखेची पोच द्यायला नकार दिला आणि विचारले, ‘साहेब, मग मी आज कायम आहे की नाही?’ त्याचे बरोबर होते, आणि मला आजही त्या नऊ दिवसांचे वाईट वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या प्रकरणात म्हटले होते की, नियमांत परिविक्षेची कमाल मर्यादा ठरलेली असताना तिच्यापुढे नोकरी चालू ठेवली, तर कायम केले असेच मानावे लागते. तो निकाल सरकारी नियमांवरचा होता आणि आमची कमाल मर्यादा अजून उलटली नव्हती. तरी आपल्याच पत्रातली तारीख आपण पाळली नाही की वाद ओढवतो, हे त्यातून कळते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच निर्णयाची बैठक ठेवावी, असे मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

आम्ही मागची तारीख काढून, त्याच्या संमतीने, 30 नोव्हेंबरपर्यंत वाढ दिली. पत्रात एकच अपेक्षा लिहिली: अहवाल पाळी संपण्यापूर्वी द्यावा. त्याला फॉर्म शिकवला, संगणकाची वेळ ठरवून दिली आणि दर शुक्रवारी दहा मिनिटे त्याच्याशी बोललो. नंतर त्याचे फक्त दोन अहवाल उशिरा आले, तेही यंत्र बंद पडल्यामुळे. 24 नोव्हेंबरला तो कायम झाला.

वेळ संपत आली आहे, म्हणून सांगायचे कसे ते थोडक्यात. थेट वरिष्ठानेच, बंद खोलीत, पहिल्याच वाक्यात निर्णय सांगावा: ‘तुमची परिविक्षा दोन महिन्यांनी वाढवत आहोत.’ आधी पाच मिनिटे स्तुती केली तर तो माणूस ‘पण’ची वाट पाहत बसतो आणि काहीच ऐकत नाही. मग चांगले काय आणि उणे काय हे तारखांसह सांगावे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि पत्र त्याच दिवशी हातात द्यावे.

सेवा संपवायची असेल तर ‘कदाचित’ हा शब्द वापरू नये. नोटीस किंवा तिच्या बदल्यातला पगार, शेवटचा दिवस आणि हिशेबाची तारीख तिथेच सांगावी. पत्रात काम समाधानकारक नसल्याचे साध्या शब्दांत लिहावे, चारित्र्यावर ठपका येईल असे काही लिहू नये. मूळ तक्रार चोरीची किंवा गैरवर्तनाची असेल, तर ती परिविक्षेच्या आडून निकाली काढू नये, रीतसर चौकशी करावी. कारण अशा आरोपावर आधारलेली सेवासमाप्ती, बाजू मांडण्याची संधी न देता केली, तर न्यायालय तिला शिक्षा मानू शकते.